खिडकीतली कुडकुड

"अगं, थंडीनं कुडकुडतेय ती. आत घे तिला."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा मे महिना होता आणि सकाळचे दहा वाजून गेले होते. ठकी, आमची मांजर, बंद काचेच्या खिडकीत चटचटीत उन्हात बसली होती. बाहेर कढीपत्त्याच्या झाडाला काळी फळं लागली होती आणि त्यावर बुलबुलांची ये-जा चालू होती. ठकीची मान ताणलेली, कान पुढे, मिशा पुढे, शेपटीचं फक्त टोक हलत होतं. आणि तोंड जेमतेम उघडं ठेवून तिचा खालचा जबडा इतक्या वेगानं थरथरत होता, की पाहणाऱ्याला खरोखरच हुडहुडी भरल्यासारखं वाटावं. मधूनच घशातून 'क्-क्-क्-क्' असा कोरडा आवाज येई, आणि एखाद्या वेळी बारीक, पक्ष्यासारखा चीत्कार.

"अहो आई, उन्हात बसलीये ती," मी म्हटलं.

"मग हे काय?"

बत्तीस वर्षं महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला घरातल्या घरात हा प्रश्न विचारला गेला, आणि मला धड उत्तर देता आलं नाही. 'शिकारीची प्रवृत्ती' असं काहीतरी मी पुटपुटले. सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की परीक्षेत नुसतं 'व्याख्या द्या'चं उत्तर लिहून गुण मागणाऱ्या मुलांकडे मी स्वतः वर्षानुवर्षं तसं पाहत आले होते. त्या दिवसापासून ठकीच्या त्या हालचालीला आमच्या घरात 'कुडकुड' हे नाव पडलं, आणि मी एक वही घातली. पुढे या वहीनं माझी एक मोठी चूक मला दाखवून दिली. पण ते शेवटी सांगते.

*

आधी ही कुडकुड म्हणजे नेमकं काय, ते पाहू. कानानं ऐकलेल्या आवाजाचं वर्णन प्रत्येक जण आपापल्या परीनं करतो. त्यामुळे मांजराच्या आवाजांकडे एखाद्या ध्वनिशास्त्रज्ञानं पाहणं महत्त्वाचं ठरतं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या सुसान शॉट्झ यांनी २०१३ साली तीन पाळीव मांजरांचे खिडकीतले आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांचा छोटासा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. मांजरांच्या आवाजांवरच्या त्यांच्या कामाला २०२१ साली इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा हा पुरस्कार आहे.

शॉट्झ यांच्या कामातून एक गोष्ट स्वच्छ होते. आपण ज्याला एक आवाज समजतो, ते दोन निराळे प्रकार आहेत. पहिल्यात कंठातला नाद नसतोच. जबडा भराभर हलतो आणि 'क'सारख्या कोरड्या, तुटक ध्वनींची माळ ऐकू येते. दुसऱ्यात कंठ वापरलेला असतो. तो छोटा चीत्कार असतो, कधी हळू, कधी लांबवलेला आणि थरथरता. मांजर या दोन्हींची सरमिसळ करतं. ठकीच्या बाबतीत वहीत पहिला प्रकार फार वेळा आला, दुसरा क्वचित. आणि पुष्कळदा तर आवाज अजिबात नव्हता, नुसताच जबडा हलत होता. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याच्यावरच बरंच काही अवलंबून आहे.

*

सर्वांत प्रचलित उत्तर म्हणजे चडफड. पक्षी दिसतो पण मिळत नाही, मध्ये काच आहे, म्हणून मांजर वैतागून दात वाजवतं. हे उत्तर आपल्याला पटतं, कारण आपण स्वतः वैतागलो की दातओठ खातो.

पण दोष जर काचेचा असेल, तर काच नसताना ही हालचाल दिसायला नको. पावसाळा संपल्यावर मी ठकीला पट्टा बांधून गच्चीवर नेऊ लागले. तिथे काच नव्हती. समोरच्या इमारतीच्या केबलवर साळुंकी येऊन बसली आणि ठकीची कुडकुड सुरू झाली, अगदी खिडकीतल्यासारखी. मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांमध्येही ती दिसते. म्हणजे काच हे कारण नव्हे. काचेमुळे फक्त दोन गोष्टी होतात. पक्षी मांजराला पाहून उडून जात नाही, म्हणून दृश्य लांबतं. आणि आपण शेजारीच बसलेले असल्यामुळे ते आपल्याला दिसतं.

मात्र गच्चीवर आणखी एक गोष्ट लक्षात आली. एकदा एक पारवा कठड्यावरून चालत चालत थेट ठकीच्या झेपेच्या टप्प्यात आला. मी पट्टा आवळून धरला. ठकी जमिनीला चिकटली, मागचे पाय किंचित हलवून तिनं पवित्रा घेतला, आणि तिचा जबडा मात्र पूर्ण शांत होता. एवढ्याशा टापूत पक्षी आला की कुडकुड थांबते, हे नंतर मी पुनःपुन्हा पाहिलं. म्हणजे अंतर महत्त्वाचं आहे. 'दिसतो आहे, पण झेप घेण्याजोगा नाही' अशा अंतरावर जबडा हलतो. चडफडीच्या कल्पनेत एवढं तथ्य नक्की आहे.

*

दुसरं उत्तर आहे घाताच्या चाव्याचं. यासाठी जर्मन वर्तनशास्त्रज्ञ पॉल लायहाउझेन यांच्याकडे जावं लागतं. मांजरकुळातल्या प्राण्यांच्या शिकारीचा इतका बारकाईनं अभ्यास फार थोड्यांनी केला असेल. मांजर भक्ष्याच्या मानेवर चावतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. लायहाउझेन यांनी त्यातली यंत्रणा दाखवली. मांजराचा सुळा उंदराच्या मानेतल्या दोन मणक्यांच्या मधल्या फटीत पाचरीसारखा शिरतो आणि मज्जारज्जू तोडतो. भक्ष्य तडफडायच्या आत खेळ संपतो, आणि मांजराच्या तोंडावर ओरखडा उठण्याचा धोकाही टळतो. मान नेमकी कुठे आहे, हे ओळखायला डोकं आणि धड यांच्या मधला अरुंद भाग मांजराला उपयोगी पडतो. बनावट भक्ष्य दिलं, तरी ते त्याच अरुंद जागी चावतं.

इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ डेझमंड मॉरिस यांनी १९८६ सालच्या आपल्या 'कॅटवॉचिंग' या पुस्तकातून ही कल्पना घराघरांत नेली. खिडकीतलं मांजर म्हणजे हवेतल्या हवेत घाताचा चावा घेणारं मांजर, असं त्यांचं म्हणणं. यामागे कोनराड लॉरेन्झ यांची एक प्रसिद्ध संकल्पना आहे. लॉरेन्झ यांनी पाळलेला एक मैनेच्या कुळातला पक्षी खोलीत एकही माशी नसताना वर पाहायचा, उडायचा, नसलेली माशी पकडायचा, ती आपटून मारायचा आणि गिळायचासुद्धा. उपजत क्रिया फार काळ वापरली गेली नाही, तर ती कारणाशिवायच वाहू लागते, असा त्याचा अर्थ लॉरेन्झ यांनी लावला.

ही कल्पना आकर्षक आहे, पण ठकीला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. लॉरेन्झ यांच्या पक्ष्यासमोर माशी नव्हती, ठकीसमोर बुलबुल होता. शिवाय घाताचा चावा खोल असतो. जबडा पुरेसा उघडतो आणि जोरानं मिटतो. कुडकुडीत जबडा जेमतेम उघडा असतो आणि हालचाल उथळ, भराभर. तालमीत नट संवाद हळू म्हणेल, पण दुसऱ्याच नाटकातले म्हणणार नाही. म्हणून 'चाव्याची तालीम' हा शब्द मला खटकत राहिला. चाव्याशी संबंध आहे, पण तो तालमीचा नसावा.

*

तिसरं उत्तर सर्वांत रंजक आहे. मांजर पक्ष्याची नक्कल करून त्याला फसवतं, असं ते सांगतं. शॉट्झ यांनीही ही शक्यता मांडली आहे. तिच्यामागे ब्राझीलमधली एक खरी घटना आहे.

ऑक्टोबर २००५. मानाउस शहराजवळच्या डुके अभयारण्यात काही संशोधक दुरंगी टॅमरिन या छोट्या माकडांच्या मागावर होते. आठ माकडं एका वडाच्या कुळातल्या झाडावर खात होती. तेवढ्यात वेलींच्या गुंत्यातून टॅमरिनच्या पिल्लासारखा आवाज येऊ लागला. टोळीतला पहारेकरी नर आवाजाचा माग काढत वरखाली करू लागला, बाकीची माकडंही चौकशीला सरसावली. मग वेलींमधून बाहेर आला तो मार्गे, म्हणजे त्या जंगलातला ठिपक्यांचा छोटा रानबोका. पहारेकऱ्यानं किंचाळून इशारा दिला, टोळी पसार झाली आणि बोका उपाशी राहिला. संशोधकांच्या मते नक्कल फारशी चांगली नव्हती, पण माकडांना जवळ खेचण्याइतकी होती. २००९ साली ही नोंद प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या मांजरप्रेमींना आपल्या खिडकीतल्या मनीचं कोडं सुटल्यासारखं वाटलं.

मला मात्र इथे थांबावंसं वाटलं. ती नोंद एका प्रसंगाची आहे, तीही दुसऱ्या जातीच्या प्राण्याची. आणि त्या प्रसंगात बोका लपलेला होता, त्याचा आवाज कंठातून निघालेला होता, आणि तो विशिष्ट भक्ष्याच्या पिल्लासारखा होता. ठकी उघड्यावर बसते. तिची कुडकुड बहुतेक वेळा नादहीन असते आणि कित्येकदा पूर्ण मूक. मूक नक्कल कोणाला फसवणार? आणि ती बुलबुलासाठी करते, तशीच खारीसाठी करते, ट्यूबलाइटपाशी घिरट्या घालणाऱ्या पतंगासाठीही करते. नक्कल असती, तर समोर कोण आहे त्याप्रमाणे ती बदलली असती. शिवाय मांजराची शिकार ही दबा धरण्याची कला आहे, त्यात आवाज हा घातकच. वहीभर नोंदींत एकही पक्षी ठकीच्या आवाजानं जवळ आलेला नाही. तेव्हा कधीमधी उमटणारा तो चीत्कार नकलेतून आला असेल, ही शक्यता मी खोडत नाही. पण जबड्याच्या थरथरीचं स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही.

*

मग थरथर येते कुठून? मला सर्वांत जवळचं वाटणारं उत्तर ज्या प्रयोगात सापडलं, तो वाचताना सुखद वाटत नाही. अमेरिकेत येल विद्यापीठात जॉन फ्लिन आणि त्यांचे सहकारी १९६०च्या दशकात मांजरांच्या मेंदूतल्या अधश्चेतक या भागात बारीक तारा रोवून त्यातून सौम्य वीजप्रवाह सोडत. त्या भागातल्या ठरावीक जागी प्रवाह सोडला, की शांत बसलेलं मांजर फिस्कारता वा अंग न फुगवता उठे, समोरच्या उंदराकडे जाई आणि त्याला चावे. राग नाही, नुसती शिकार.

१९६६ साली मॅकडोनेल आणि फ्लिन यांनी याच अवस्थेत मांजराच्या ओठांना स्पर्श करून पाहिला. प्रवाह बंद असताना ओठाला काडी लागली, तर विशेष काही होत नसे. प्रवाह चालू असताना ओठाच्या कडेला स्पर्श झाला, की डोकं स्पर्शाकडे वळे, आणि ओठांच्या मध्याजवळ स्पर्श झाला, की तोंड उघडून चावा घेतला जाई. प्रवाह वाढवला, तर ओठाचा जो भाग असा प्रतिसाद देई, तो पसरत जाई. थोडक्यात, मेंदू शिकारीच्या अवस्थेत गेला, की जबडा आणि ओठ आधीच सज्ज होतात. चाव्याचा खटका हलका होतो. फक्त शेवटचा स्पर्श व्हायचा बाकी राहतो.

आता ठकीकडे पाहा. बुलबुल दिसतो आहे, हलतो आहे, शिकारीची अवस्था जागी झाली आहे. जबडा सज्ज आहे. पण अंतर जास्त, म्हणून झेप नाही. झेप नाही, म्हणून ओठाला पिसाचा स्पर्श नाही. आणि स्पर्श नाही, म्हणून चावा पुरा होत नाही. जबड्याची तालबद्ध हालचाल चालवणारं चेतापेशींचं जाळं मेंदूच्या देठात असतं. चावताना आणि चघळताना तेच काम करतं. वरून त्याला सारखं 'तयार राहा' असं सांगितलं जात असेल आणि 'चाव' हा हुकूम मात्र येत नसेल, तर स्नायू त्या दोन्हींच्या मध्ये थरथरत राहतील. पक्षी टप्प्यात आला, की सगळं लक्ष झेपेकडे जातं आणि जबडा शांत होतो. हा माझा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. पण मूक थरथर, अंतराचा नियम आणि पक्षी, खार, पतंग कोणीही चालणं, या तिन्ही गोष्टी त्यात बसतात.

या तर्कामुळे चडफडीची करुण बाजूही थोडी सौम्य होते. लायहाउझेन यांनी एकामागून एक उंदीर देऊन पाहिलं होतं. मांजर आधी खाणं थांबवतं, मग मारणं थांबवतं, पण पकडणं आणि दबा धरणं त्यानंतरही चालूच राहतं. म्हणजे शिकारीच्या प्रत्येक पायरीची ओढ स्वतंत्र आहे आणि भुकेशी तिचं नातं सैल आहे. खिडकीतलं मांजर उपाशी म्हणून कुडकुडत नाही. त्याची एक पायरी चालू आहे आणि पुढची उघडत नाहीये, एवढंच. आम्ही कुडकुडीनंतर ठकीपुढे दोरीला बांधलेलं पीस नाचवू लागलो. ते ती पकडते, चावते आणि मग स्वस्थ झोपते.

*

आता माझ्या चुकीबद्दल.

ठकी नऊ वर्षांची झाली, त्या डिसेंबरात वहीतल्या नोंदी वाढल्या. 'संध्याकाळी पुन्हा कुडकुड.' 'वाटीजवळ कुडकुड, बहुधा खिडकीतून काही दिसलं असावं.' 'मान एका बाजूला.' माझ्याकडे एव्हाना उत्तर तयार होतं, त्यामुळे दिसेल ते मी त्या उत्तरात बसवत होते. असे तीन आठवडे गेले.

एका सकाळी सासूबाईंनी हाक मारली. त्या आता खुर्चीतच असायच्या आणि ठकीची वाटी त्यांच्या खुर्चीशेजारी होती.

"अगं, आज समोर पाखरू नाही, काही नाही. तरी कुडकुडतेय बघ. आणि बघत कुठेच नाही ती."

मी वाकून पाहिलं. त्यांचं निरीक्षण अचूक होतं. कान पुढे नव्हते, थोडे मागे पडलेले होते. नजर कशावरही खिळलेली नव्हती. तोंडातला दाणा खाली पडला, तिनं तो पुन्हा उचलला, जबडा थरथरला, दाणा पुन्हा पडला. ती एकाच बाजूनं चावत होती. माझी वही उघडून मी त्या तीन आठवड्यांच्या नोंदी वाचल्या. प्रत्येक ठिकाणी 'काय दिसलं' हा रकाना रिकामा होता, नाहीतर मी अंदाजानं भरलेला होता.

पशुवैद्यांनी एक्स-रे काढला. खालच्या जबड्यातल्या एका उपदाढेचं मूळ झिजून गेलं होतं. मध्यमवयीन आणि वयस्क मांजरांत हा विकार पुष्कळ आढळतो. शरीरातल्याच पेशी दाताचा कठीण भाग हळूहळू पोखरतात आणि आतली संवेदनशील बाजू उघडी पडते. हिरडी वाढून खड्डा झाकते, त्यामुळे वरवर पाहून तो दिसतोच असं नाही, आणि मुळांची अवस्था कळायला एक्स-रेच लागतो. बहुतेक वेळा दात काढणं हाच इलाज. भूल दिल्यावर डॉक्टरांनी मला एक गोष्ट दाखवली. बेशुद्ध ठकीच्या त्या खड्ड्याला त्यांनी उपकरणाचं टोक हलकेच लावलं, आणि तिचा जबडा थरथरला. तीच कुडकुड. "हे आम्ही रोगाची खूणच मानतो," ते म्हणाले.

मी त्या टेबलाशेजारी उभी राहून दोन गोष्टी एकदम समजले. एक म्हणजे, जबड्याच्या या थरथरीला जाणिवेची गरज नाही. योग्य जागेवरून चिथावणी मिळाली, की ती होते. खिडकीत ती वरून येते, शिकारीच्या अवस्थेतून. वाटीपाशी ती खालून येते, दातातल्या वेदनेतून. दिसायला सारखीच. दुसरी गोष्ट म्हणजे, त्या दोन्हींतला फरक जबड्याकडे पाहून कळतच नाही. तो कळतो डोळ्यांकडे पाहून. मांजर कशाकडे पाहतंय, हे आधी पाहावं. समोर काही हलतं असेल, नजर त्यावर खिळलेली असेल, कान-मिशा पुढे असतील, आणि पाखरू उडून गेल्यावर थरथर थांबत असेल, तर काळजीचं कारण नाही. पण थरथर खाताना किंवा जांभई देताना येत असेल, दाणा तोंडातून पडत असेल, मान एका बाजूला झुकत असेल, लाळ गळत असेल, तर उशीर करू नये. मांजर दुखणं लपवतं. माझ्यासारखा उत्तर सापडलेला माणूस घरात असला, तर त्याला ते लपवणं आणखी सोपं जातं.

दात काढल्यावर पाचव्या दिवशी ठकी खिडकीत जाऊन बसली. कढीपत्त्यावर फळं नव्हती, पण शेजारच्या जास्वंदीवर शिंजीर आला होता. तिची मान ताणली गेली, कान पुढे आले आणि खालचा जबडा थरथरू लागला.

सासूबाईंनी खुर्चीतून मान वळवून आधी ठकीच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग जास्वंदीकडे.

"ही पाखराची आहे," त्या म्हणाल्या. "राहू दे तिला."